एकेका x साठी खरं, सगळ्या x साठी नाही

शनिवारच्या प्रॉब्लेम सेशनला येणाऱ्या फर्स्ट इयरच्या सगळ्यांना,

गेल्या वेळी दिलेल्या फंक्शनच्या प्रश्नाचे तुमचे कागद मी काल रात्री वाचून काढले. जवळजवळ सगळ्यांचं अंतिम उत्तर बरोबर आहे, आणि तरीही बऱ्याच कागदांवर मी शेवटी ‘सिद्धता अपूर्ण’ असं लिहिलंय. उत्तर जुळत असताना अपूर्ण काय राहिलं, असा प्रश्न तुम्हाला पडणार. त्याचं कारण समासात मावण्याएवढं लहान नाही, म्हणून हे पत्र.

प्रश्न पुन्हा एकदा मांडते. f हे वास्तव संख्यांवर व्याख्या केलेलं फंक्शन आहे, त्याच्या किमतीही वास्तव आहेत, आणि कोणत्याही वास्तव x, y साठी

f(x + y) · f(x − y) = x² − y²

हे खरं आहे. अशी सगळी फंक्शन्स शोधायची.

तुमच्यापैकी बहुतेकांनी लिहिलेली सिद्धता चार ओळींची आहे. y = 0 ठेवलं, f(x)² = x² मिळालं. म्हणून f(x) = x किंवा f(x) = −x. म्हणून उत्तर दोन फंक्शन्स: f(x) = x आणि f(x) = −x. खाली दोन रेघा मारून चौकट.

पहिल्या तीन ओळींत काहीही चूक नाही. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे मात्र मोठी फट आहे, आणि ती दिसत नाही, कारण दोन्ही ओळी कागदावर अगदी सारख्या दिसतात. तिसरी ओळ सांगते ती गोष्ट एकेका x ची आहे. x = 5 घेतला तर f(5) हा 5 किंवा −5. x = 7 घेतला तर f(7) हा 7 किंवा −7. पण 5 पाशी अधिक चिन्ह आलं म्हणून 7 पाशीही अधिकच येईल, असं या ओळीत कुठेही म्हटलेलं नाही. प्रत्येक x ला आपलं चिन्ह निवडायची मोकळीक आहे. चौथी ओळ मात्र असं धरून चालते की सगळ्या x नी मिळून एकच चिन्ह निवडलं.

हा शब्दांचा कीस नाही. f(x) = |x| घ्या. त्याचा वर्ग x² च आहे, म्हणजे तिसरी ओळ त्याला पूर्णपणे लागू पडते. पण ते x ही नाही आणि −x ही नाही. किंवा परिमेय x साठी f(x) = x आणि अपरिमेय x साठी f(x) = −x असं फंक्शन घ्या, त्याचाही वर्ग x² च. अशी अनंत फंक्शन्स बनवता येतील. तुमची चार ओळींची सिद्धता बरोबर असती, तर ही सगळी फंक्शन्स अस्तित्वातच नसती.

आता कुणी म्हणेल, |x| मूळ समीकरणात बसत नाही. खरंय. x = 0, y = 1 ठेवलं तर डावीकडे |1| · |−1| म्हणजे 1 येतो, उजवीकडे −1. पण |x| बाद झालं ते मूळ समीकरणामुळे, f(x)² = x² मुळे नाही. y = 0 ठेवलं त्या क्षणी तुम्ही मूळ समीकरणातली बरीचशी माहिती बाजूला ठेवलीत. पुढच्या ओळींत ती परत आणलीच नाही, तर |x| ला बाहेर काढणार कोण? सिद्धता वाचताना मी नेमकं हेच शोधत असते: दिलेली अट शेवटची कुठे वापरली? तुमच्या कागदावर ती पहिल्याच ओळीत संपली होती.

ही फट लिहिता लिहिता आपली आपल्याला कशी ओळखू यावी? माझी पद्धत सांगते. ‘किंवा’ आलं की थांबायचं आणि पहिल्या केसच्या नेमकं उलट काय होईल, ते पूर्ण वाक्यात लिहायचं. पहिली केस ‘सर्व x साठी f(x) = x’ अशी असेल, तर तिच्या उलट ‘सर्व x साठी f(x) = −x’ होत नाही. तिच्या उलट होतं ‘निदान एका b साठी f(b) ≠ b’. हे वाक्य एकदा कागदावर उतरलं की तिसरी केस आपोआप दिसते: काही ठिकाणी अधिक, काही ठिकाणी उणे. तुम्ही लिहिलेल्या दोन केसेस खऱ्याच आहेत, पण त्यांनी मिळून सगळं मैदान व्यापलेलं नाही. केसेस पाडताना प्रत्येक केस सोडवणं हे निम्मं काम असतं. उरलेलं निम्मं म्हणजे यांच्या बाहेर काही शिल्लक नाही, हे दाखवणं. पहिल्या वर्षी हे दुसरं काम सगळ्यात जास्त राहून जातं.

ती तिसरी केस आता सोडवू. समजा f सर्वत्र x नाही आणि सर्वत्र −x ही नाही. सर्वत्र x नाही, म्हणून एखादा b असा आहे की f(b) ≠ b. वर्गाच्या समीकरणावरून मग f(b) = −b. तसंच सर्वत्र −x नाही, म्हणून एखादा a असा आहे की f(a) ≠ −a, म्हणजेच f(a) = a. आता मूळ समीकरणाकडे परत जायचं. आपल्याला f(a) आणि f(b) एकाच समीकरणात हवेत, म्हणून x + y = a आणि x − y = b होईल असे x, y निवडू: x = (a + b)/2 आणि y = (a − b)/2. डावी बाजू झाली f(a) · f(b) = −ab. उजवी बाजू (x + y)(x − y), म्हणजे ab. म्हणून −ab = ab, म्हणून ab = 0.

इथे तुमच्यातल्या दोघातिघांनी ‘विसंगती’ लिहून सिद्धता संपवली आहे. (हो, काही जणांनी तिसरी केस घेतली होती, आणि ते कागद वाचताना मला फार आनंद झाला.) पण ab = 0 ही विसंगती कधी होते? a आणि b यांपैकी एकही शून्य नाही हे माहीत असेल, तेव्हाच. ते कागदावर कुठे आहे? काहींनी ‘समजा a, b शून्येतर’ असं लिहिलंय. ते लिहिलं हे चांगलंच, पण असं समजायची परवानगी कुठून मिळाली, तेही सांगावं लागतं. ती मिळते ती अशी: f(0)² = 0, म्हणून f(0) = 0. शून्यापाशी x आणि −x एकच असतात, तेव्हा f(b) ≠ b असणारा b शून्य असूच शकत नाही. a चंही तसंच. म्हणजे a आणि b शून्येतर आहेत हे गृहीत धरावं लागत नाही, ते सिद्ध होतं. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ नसेल तर शेवटचा ‘विसंगती’ हा शब्द अधांतरी लोंबकळतो.

एकेक गोष्ट सुटी खरी असणं आणि सगळ्या एकाच वेळी खऱ्या असणं यांतला फरक मोठमोठ्यांच्या हातून निसटला आहे. 1879 साली आल्फ्रेड केम्प यांनी चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता प्रसिद्ध केली: कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारच्या दोन प्रदेशांना एक रंग येत नाही. त्यांनीही केसेस पाडल्या होत्या. एका प्रदेशाला पाच शेजारी असतात, त्या केसमध्ये त्यांनी नकाशाच्या दोन भागांत रंगांची अदलाबदल केली. पहिली अदलाबदल एकटी केली तर चालते. दुसरी एकटी केली तरी चालते. दोन्ही एकत्र केल्या तर पहिलीमुळे दुसरीचा आधारच जाऊ शकतो, कारण ज्या साखळ्यांतून रंग बदलायचे त्या एकमेकींना छेदू शकतात. हे पर्सी हीवुड यांनी 1890 मध्ये एक नकाशा काढून दाखवून दिलं. मधली अकरा वर्षं ती सिद्धता मान्य होती. हीवुड यांनी केम्प यांचीच कल्पना वापरून पाच रंग नक्की पुरतात एवढं सिद्ध केलं, आणि चार रंगांची सिद्धता 1976 पर्यंत लांबली. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण केम्प यांची प्रत्येक ओळ सुटी वाचली तर पटते. सगळी अडचण ‘दोन्ही एकदम’ इथे आहे, आणि तुमच्या चार ओळींतली अडचणही याच जातीची आहे.

आता गृहीतांकडे येते, कारण या प्रश्नात त्यांच्यामुळे एक फार सुंदर गोष्ट घडते.

दहावीच्या भूमितीत आपण आकृतीखाली पक्ष लिहायचो, मग साध्य, मग रचना, आणि त्यानंतर सिद्धता. कॉलेजात आल्यावर ती सवय सुटते, जणू ती फक्त त्रिकोणांसाठीच होती. तुमच्या एकाही कागदावर वरती ‘f वास्तव संख्यांवर आहे’ हे लिहिलेलं नाही. प्रश्नातच दिलंय, मग परत कशाला, असं वाटलं असेल. तर तिसऱ्या केसमधली ती ओळ पुन्हा बघा: x = (a + b)/2. इथे आपण दोनने भागलं. वास्तव संख्यांत हे नेहमीच चालतं, त्यामुळे भागताना तुमचं लक्षही गेलं नसेल.

आता समजा प्रश्नात वास्तव संख्यांऐवजी पूर्णांक असते. f पूर्णांकांवर, x आणि y पूर्णांक, समीकरण तेच. a = 3 आणि b = 4 घेतले तर x = 7/2 येतो, आणि तो घ्यायची परवानगीच नाही. a आणि b दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतील तेव्हाच (a + b)/2 पूर्णांक होतो. म्हणजे आपला युक्तिवाद एवढंच सांगतो की सगळ्या सम संख्यांपाशी एकच चिन्ह आहे आणि सगळ्या विषम संख्यांपाशी एकच चिन्ह आहे. सम आणि विषम यांची चिन्हं आपसात जुळायला हवीत, असं तो म्हणत नाही.

मग ती खरंच वेगळी असू शकतात का, की आपला युक्तिवाद कमी पडतोय? हे तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. सम n साठी f(n) = n आणि विषम n साठी f(n) = −n असं फंक्शन घेऊ. x + y आणि x − y यांच्यात 2y चा फरक आहे, म्हणून ते दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम. दोन्ही सम असतील तर गुणाकार (x + y)(x − y). दोन्ही विषम असतील तर दोन उणे चिन्हं येतात, आणि गुणाकार पुन्हा तोच. बसलं! म्हणजे पूर्णांकांवर उत्तर दोन नाही, चार फंक्शन्स आहे: सम संख्यांचं चिन्ह दोन प्रकारे, विषम संख्यांचं दोन प्रकारे.

समीकरणात एक अक्षरही बदललं नाही, आणि उत्तर दोनाचं चार झालं. तुमची चार ओळींची सिद्धता पूर्णांकांच्या प्रश्नालाही जशीच्या तशी लिहिता येते, एकही शब्द न बदलता, आणि तिथे ती थेट चुकीचं उत्तर देते. तिच्यात काहीतरी कमी आहे याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही. जी सिद्धता पक्ष बदलला तरी हलत नाही, तिने पक्ष वापरलेलाच नसतो. म्हणून वरती पक्ष लिहा, आणि तो जिथे कामी येतो तिथे हळूच एक वाक्य टाका: ‘a, b वास्तव आहेत, म्हणून (a + b)/2 ही वास्तव आहे.’ वाचणाऱ्याला कळतं की सगळा भार कुठे पेलला गेला आहे, आणि लिहिणाऱ्यालाही तो तेव्हाच कळतो.

शेवटाबद्दल थोडक्यात. इथवर आपण सिद्ध केलं ते ‘f समीकरणात बसत असेल तर ते x किंवा −x असलंच पाहिजे’ एवढंच. ही दोन फंक्शन्स खरोखर बसतात, हे अजून कुणी म्हटलेलं नाही. शाळेत आपण ताळा पाहायचो, तोच इथे पाहायचा: (x + y)(x − y) = x² − y², आणि दोन्ही अवयवांची चिन्हं बदलली तरी गुणाकार तोच. दीड ओळ लागते. ‘सगळी फंक्शन्स शोधा’ म्हटलं की दोन्ही दिशा लागतात, आणि दुसरी दिशा कितीही सोपी असली तरी ती कागदावर हवी. मग अगदी शेवटी पूर्ण वाक्यात निष्कर्ष: कोणती फंक्शन्स, किती, आणि कोणत्या संचावर. नुसती चौकट नको.

एवढं झाल्यावर सिद्धता पुरी होते. पण मी तुम्हाला आणखी एक पायरी चढायला सांगणार आहे, कारण स्वच्छ सिद्धता पहिल्या फटक्यात क्वचितच येते. आपण केलेल्या कामाकडे परत बघा. विसंगतीची खटपट आपण कशासाठी केली? कुठल्याही दोन ठिकाणची चिन्हं जुळतात हे दाखवण्यासाठी. मग दोन मोकळी ठिकाणं घेण्यापेक्षा एक ठिकाण पक्कं का करू नये? 1 घेऊ. सगळ्यांची चिन्हं 1 च्या चिन्हाशी ताडून पाहू. आता तिसरी केस लागत नाही, विसंगती लागत नाही, आणि शून्याची वेगळी काळजीही लागत नाही. पूर्ण सिद्धता अशी दिसते.

पक्ष: f वास्तव संख्यांवर व्याख्या केलेलं, वास्तव किमतींचं फंक्शन आहे, आणि सर्व वास्तव x, y साठी f(x + y) · f(x − y) = x² − y².

साध्य: सर्व t साठी f(t) = t, किंवा सर्व t साठी f(t) = −t; आणि ही दोन्ही फंक्शन्स समीकरणात बसतात.

सिद्धता: t ही कोणतीही वास्तव संख्या घेऊ. (1 + t)/2 आणि (1 − t)/2 याही वास्तव आहेत, म्हणून x आणि y च्या जागी त्या ठेवता येतात. तेव्हा x + y = 1 आणि x − y = t, म्हणून f(1) · f(t) = t. …(1)
यात t = 1 घेतल्यास f(1)² = 1, म्हणून f(1) ही 1 किंवा −1 आहे.
केस 1: f(1) = 1. तर (1) वरून सर्व t साठी f(t) = t.
केस 2: f(1) = −1. तर (1) वरून सर्व t साठी f(t) = −t.
ताळा: f(t) = t घेतल्यास डावी बाजू (x + y)(x − y) = x² − y². f(t) = −t घेतल्यास दोन्ही अवयवांची चिन्हं बदलतात आणि गुणाकार तोच राहतो.
म्हणून वास्तव संख्यांवर या समीकरणाची उत्तरं नेमकी दोन आहेत: f(t) = t आणि f(t) = −t.

इथल्या केसेस आणि तुमच्या केसेस यांतला फरक नीट पाहा. तुमच्या केसेस f(x) वर होत्या, आणि x फिरता होता. इथल्या केसेस f(1) वर आहेत. f(1) ही एकच, ठरलेली संख्या आहे. ती 1 किंवा −1 यांपैकी एक असणारच आणि तिसरी शक्यता उरत नाही, म्हणून या दोन केसेसनी सगळं मैदान खरोखर व्यापतं. केसेस कशावर पाडायच्या, हे निवडणं लिहिणाऱ्याच्या हातात असतं, आणि बहुतेक वेळा स्वच्छता तिथेच ठरते.

काही जण इथे केस 2 गाळून ‘सर्वसाधारणता न गमावता f(1) = 1 मानू’ असं लिहितील. लिहायला हरकत नाही, पण कारण सोबत हवं: f बसत असेल तर −f ही बसतं, म्हणून f(1) = −1 असल्यास f च्या जागी −f घेऊ. हे कारण देता येत नसेल तर ते वाक्य वापरू नका. माझं मत विचाराल तर इथे दुसरी केस एका ओळीची आहे, ती सरळ लिहावी. ते भारदस्त वाक्य दोन पानांची पुनरावृत्ती वाचवत असेल तिथे शोभतं.

येत्या शनिवारी येताना दोन गोष्टी घेऊन या. पहिली, पूर्णांकांवरच्या प्रश्नाची पूर्ण सिद्धता, याच मांडणीत. एका f(1) वर तिथे भागणार नाही. आणखी कोणती किंमत पक्की करावी लागेल, ते तुम्हीच ठरवा. दुसरी, पूर्णांकांवरच हा प्रश्न:

f(x + 3y) · f(x − 3y) = x² − 9y²

वास्तव संख्यांवर याची उत्तरं पुन्हा दोनच आहेत, ते तुम्ही दोन मिनिटांत दाखवाल. पूर्णांकांवर ती दोनही नाहीत आणि चारही नाहीत. x + 3y आणि x − 3y यांच्यात कितीचा फरक पडतो, तिथून सुरुवात करा. कागदाच्या वरती पक्ष लिहायला विसरू नका.

तुमची ताई,
एम.एस्सी. भाग दोन